समजतं मला, आता बोलणार पण: परदेशातल्या मुलांच्या मराठी ॲपसाठी टॅगलाईन शोधताना

परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणाऱ्या एका ॲपचं हे प्रकरण आहे. ॲपचं नाव सांगत नाही, बनवणारं जोडपं अमेरिकेत राहतं, दोघंही नोकरी सांभाळून हे करतात. ॲप तयार होतं, चित्रं सुंदर होती, आवाज नीट रेकॉर्ड केलेले होते, फक्त टॅगलाईन ठरत नव्हती. माझं काम जाहिरातीचं लिखाण, त्यामुळे ते माझ्याकडे आले आणि म्हणाले की एक ओळ द्या, तीन-चार शब्द, बस. पण त्या तीन-चार शब्दांपायी शेवटी ॲपचा पहिला धडासुद्धा बदलावा लागला, कसा ते सविस्तर लिहितोय कारण अशी ॲप्स, रविवारच्या मराठी शाळा, ऑनलाईन क्लास चालवणारे बरेच जण याच ठिकाणी अडकतात.

त्यांची आधीची ओळ होती "मातृभाषेशी नाळ जोडा". ऐकायला भारदस्त आहे, मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजमागच्या बॅनरवर शोभेल. पण आपण ही ओळ कोणाला म्हणतोय? मुलांना तर नाहीच, नऊ वर्षांच्या पोराला नाळ म्हणजे काय ते सांगायलाच पाच मिनिटं जातील. आईबाबांना म्हणतोय म्हणावं, तर "जोडा" या शब्दात तुटलीये हे गृहीत धरलंय, म्हणजे ॲप उघडायच्या आधीच आईला ऐकवलं की तुझ्याकडून काहीतरी राहिलंय. आणि तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त खटकली ती म्हणजे मातृभाषा हा शब्दच. परदेशातल्या कितीतरी घरांत बाबा मराठी आणि आई तमिळ, गुजराती किंवा अमेरिकन असते, तिथे मराठी ही मुलाच्या बाबाची भाषा आहे आणि ॲप डाऊनलोड करणारी बहुतेकदा आईच असते. तिला ही ओळ वाचून वाटणार की हे आपल्यासाठी नाही. ज्या घराला ॲपची सगळ्यात जास्त गरज, तेच घर पहिल्या ओळीत बाहेर.

मग नेहमीची ओळ पुढे आली, "खेळता खेळता शिका मराठी". ही कोणत्याही भाषेच्या कोणत्याही ॲपला चालते, म्हणून ती मी लगेच बाजूला केली. पण तिच्यातलं एक क्रियापद पुढे खूप उपयोगी पडलं. मराठीत आज्ञार्थाचं रूप सांगून टाकतं की बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण. "शिकवा" म्हटलं की आईबाबांशी बोलतोय, "शिका" म्हटलं की पाठ्यपुस्तक सगळ्या वर्गाशी बोलतंय, "शीक" म्हटलं की घरातलं मोठं माणूस एका मुलाशी बोलतंय, आणि "शिकूया" म्हटलं की बोलणारा पण बरोबर बसलाय. इंग्रजीत "शिका" आणि "शीक" दोन्हीला लर्न हा एकच शब्द चालून जातो म्हणून तिथे हा प्रश्न फारसा येत नाही, आणि बरेच जण आधी इंग्रजीत ओळ लिहून मग मराठीत आणतात तेव्हा नेमकं हेच ठरवायचं राहून जातं. मी त्या दोघांना म्हटलं की शब्द नंतर बघू, आधी हे ठरवा की ही ओळ कोण कोणाला म्हणतंय.

यावर दोघांचं एकमत होईना. बाबांचं म्हणणं, पैसे आईबाप देणार, ओळ त्यांच्यासाठी. आईचं म्हणणं, ॲप उघडणार मूल, त्याला आवडली नाही तर दुसऱ्या आठवड्यात आयकॉन शेवटच्या पानावर जाईल. दोघांचं बरोबर होतं. लहान मुलांच्या ॲपचं हे दुखणं आहेच, विकत घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा. मी म्हटलं की ठीक आहे, मग अशी ओळ शोधू जी आई वाचेल पण जिच्यात आवाज मुलाचा असेल.

त्यासाठी मुलाचं नक्की काय अडलंय ते बघायला हवं होतं. परदेशात वाढलेल्या मराठी मुलांमध्ये एक प्रकार फार दिसतो, ज्यांना आईबाबांनी घरात मराठी बोलून बोलून सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत येतं. भाषेच्या अभ्यासात अशा मुलांना हेरिटेज लर्नर म्हणतात, आणि ऐकून समजण्याची बाजू बोलण्यापेक्षा खूप पुढे असणं हे त्यांचं ठळक लक्षण. व्हिडिओ कॉलवर हे अगदी स्पष्ट दिसतं. आजी विचारते "जेवलास का रे?", पोरगा आईकडे बघून इंग्रजीत सांगतो, आई ते मराठीत आजीला सांगते, आजीचं पुढचं वाक्य मात्र त्याला थेट समजलेलं असतं, आईने भाषांतर करायची गरजच नसते. म्हणजे भाषांतर एकाच दिशेने चाललेलं असतं. आई सगळा वेळ मध्ये बसून असते आणि दोन मिनिटांनी पोरगा "बाय आजी" करून निघून जातो.

अशा मुलाला अ अननसाचा पासून सुरुवात नको असते. त्याच्याकडे शब्द आहेत, तोंडातून निघत नाहीत एवढंच. मी क्लायंटला विचारलं की तुमच्या ॲपला येणारी बहुतेक मुलं यातली का ज्यांना काहीच येत नाही अशी? त्यांनी ओळखीच्या ज्या घरांमध्ये ॲप वापरायला दिलं होतं ती जवळजवळ सगळी समजतं-पण-बोलत-नाही गटातली निघाली. बरं झालं, एक गट पक्का झाला.

यावरून पहिली बरी ओळ आली ती म्हणजे "आजीच्या फोनवर दोन वाक्यं जास्त". मला ही मनापासून आवडली होती. वचन छोटं आहे आणि खरं झालं की नाही ते पुढच्या रविवारी घरातच कळतं. "अस्खलित मराठी" किंवा "३० दिवसांत मराठी" असलं काही म्हटलं की ते सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्था, अमेरिकेत एफटीसी आणि ब्रिटनमध्ये एएसए, दोघंही जाहिरातीतल्या दाव्यामागे आधीपासून पुरावा असायला हवा असं धरतात, आणि दोन माणसांच्या कंपनीकडे असा पुरावा कुठून येणार. शिवाय "दोन वाक्यं जास्त" म्हटल्यावर आईला हसू येतं, कारण हिशोब तिच्या घरातला आहे.

पण दोन अडचणी निघाल्या. पहिली जागेची. ॲपलच्या स्टोअरमध्ये नावाखाली जी सबटायटलची ओळ असते तिला ३० कॅरॅक्टरची मर्यादा आहे, गूगल प्लेवरच्या छोट्या वर्णनाला ८०. मराठीत हे मोजताना लोक फसतात कारण डोळ्याला दिसणारं अक्षर आणि कॉम्प्युटरचं कॅरॅक्टर एक नसतं. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत हे सगळे स्वतंत्र कॅरॅक्टर आहेत. "वाक्यं" हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा, पण मोजला तर व, काना, क, हलंत, य, अनुस्वार मिळून सहा. ती पूर्ण ओळ मोकळ्या जागा धरून बरोबर ३० भरते, म्हणजे एक उद्गारचिन्ह सुद्धा जास्त टाकायची सोय नाही. जोडाक्षरं कमी असलेल्या ओळीला मराठीत जास्त जागा मिळते, हे टॅगलाईन लिहिणाऱ्याने आधीच डोक्यात ठेवलेलं बरं.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. एका आईला ती ओळ दाखवली तर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली की माझी आई गेल्या वर्षी गेली, आमच्याकडे आता आजीचा फोन येत नाही. तिने तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. पण ओळ रोज ॲप उघडताना दिसणार होती, मुलीला आणि तिलाही. आजीचं चित्र आत एखाद्या धड्यात असणं वेगळं, तिथे धडा बदलता येतो, आजीच्या जागी काका, मावशी, चुलतभाऊ निवडता येतात, पण टॅगलाईन सगळ्यांना एकच असते. म्हणून आजीला मुख्य ओळीतून काढून स्टोअरच्या एका स्क्रीनशॉटच्या मथळ्यात ठेवलं. तिथे ती बऱ्याच घरांपैकी एक घर म्हणून येते.

आता पुढची ओळ, जी सगळ्यांना आवडली होती आणि जी मी हट्टाने बाद करवली. "कळतं ना? मग बोल की!" अस्सल बोली, ठसका आहे, आईबाबांना दाखवली की लगेच "अगदी अगदी" म्हणतात. क्लायंट तर टीशर्ट छापायच्या तयारीत होते. मी म्हटलं थांबा, मुलांना ऐकवू. आम्ही वाचायला दिली नाही कारण त्यातल्या बऱ्याच मुलांना देवनागरी वाचता येत नाही, मोठ्याने म्हणून दाखवली आणि एकच प्रश्न विचारला की हे कोण म्हणतंय. एक नऊ वर्षांची मुलगी पटकन म्हणाली, "मम्मा. शी इज मॅड." दुसरा एक मुलगा म्हणाला इंडियातले काका. तिसऱ्याने खांदे उडवले. ओळीत राग कुठेच लिहिलेला नव्हता, पण मुलांनी ही वाक्यं खऱ्या आयुष्यात याच सुरात ऐकलेली आहेत, लग्नाला भारतात गेल्यावर दहा नातेवाईक गोल करून उभे राहतात आणि म्हणतात अरे बोल की मराठीत, बोल बोल, आणि मग मूल काहीतरी बोलतं आणि सगळे हसतात. प्रेमाने हसतात, पण मूल त्यानंतर बोलत नाही.

म्हणून "हे कोण म्हणतंय?" ही चाचणी मला या कामात सगळ्यात उपयोगी वाटते. ओळ आवडली का असं मुलांना विचारलं तर ती हो म्हणतात, मोठ्यांना खूश करायचं असतं. कोण म्हणतंय विचारलं की खरं उत्तर येतं. उत्तर आई, टीचर, काका असं आलं तर ओळ वरून खाली येतेय, आणि "मी" आलं तर ती मुलाची आहे.

मुलाच्या तोंडची ओळ लिहायला गेलं की मराठीत लगेच लिंगाचा प्रश्न येतो. "मी मराठी बोलतो" म्हटलं की मुली गेल्या, "बोलते" म्हटलं की मुलगे गेले, आणि "बोलतो/बोलते" असं तिरकी रेघ मारून लिहिलं की तो सरकारी फॉर्म वाटतो. काही जण इथे कंटाळून इंग्रजीत जातात. पण आपल्या भाषेत याला साध्या वाटा आहेत. एक म्हणजे "मला" वाली रचना, मला समजतं, मला येतं, मला आवडतं, यात मुलगा-मुलगी भेद येत नाही. दुसरी म्हणजे "णार" वाली क्रियापदं, मी जाणार, मी खाणार, मी बोलणार, हे पण दोघांना सारखंच. आणि गंमत म्हणजे लहान मुलं हट्टाने जे बोलतात ते बहुतेक याच रूपात असतं.

ओळ मिळाली ती क्लायंट जोडप्यातल्या आईने बोलता बोलता सांगितलेल्या एका किश्श्यातून. कॉलवर तिची मावशी म्हणाली, "त्याला मराठी समजत नसेल ना गं आता?" आणि बाजूला लेगो जुळवत बसलेला तिचा मुलगा, जो कॉलवर कधी तोंड उघडत नाही, मान वर न करता म्हणाला, "समजतं मला." तिला ते सांगताना सुद्धा अभिमान वाटत होता. मी तिला म्हटलं हीच ओळ आहे, आता फक्त तिला अर्धं पाऊल पुढे न्यायचंय.

पहिल्यांदा मी "कळतं मला. आता बोलणार पण!" असं लिहिलं, कारण कळतं जास्त घरगुती वाटलं. मुलांकडून म्हणवून घेतलं तर बऱ्याच जणांचं "कलतं" झालं. ळ हा आवाज इंग्रजीत नाही, ज्यांचा कान मराठी पण जीभ इंग्रजीत तयार झालीये त्यांना तो जड जातो. आता कोणी म्हणेल की हेच तर शिकवायचंय, असू दे ळ. मला ते पटलं नाही. जी ओळ मूल पहिल्याच दिवशी मोठ्याने म्हणणार तिच्यात त्याचा सगळ्यात कच्चा आवाज ठेवला की घरातलं मोठं माणूस ऐकून हसणार किंवा दुरुस्त करणार, आणि पुन्हा तेच लग्नातलं वर्तुळ. ळ शिकवायला पुढे धडे आहेत. "बोलणार" मध्ये ण आहे, त्याचं "बोलनार" होतं, पण ते फार कानात भरत नाही, महाराष्ट्रातसुद्धा कितीतरी लोक तसं बोलतात. म्हणून शेवटी ओळ झाली:

"समजतं मला. आता बोलणार पण!"

मोकळ्या जागा आणि चिन्हं धरून २५ कॅरॅक्टर. जोडाक्षर एकही नाही. आईबापावर ठपका नाही, मूल जे कमावून बसलंय ते आधी मान्य केलंय आणि मग पुढची गोष्ट त्याच्याच तोंडून आलीये. "हे कोण म्हणतंय?" विचारल्यावर मोठ्या मुलांपैकी एकाने "मी, आय थिंक" असं उत्तर दिलं आणि लहानांनी तर विचारायच्या आधीच ओरडून म्हणायला सुरुवात केली. शेवटच्या "पण" वर चर्चा झाली, बाबांना वाटलं की वाचणारा तो परंतु या अर्थाने घेईल आणि वाक्य अर्धवट वाटेल. छापलेल्या ओळीत ही भीती थोडी खरी आहे, ऐकताना अजिबात नाही. म्हणून ठरवलं की ओळ शक्य तिथे आवाजासकट येईल, ॲप उघडताना मुलाच्या आवाजात, आणि छापील ठिकाणी पुढे उद्गारचिन्ह कायम.

आता ही ओळ ठेवायची कुठे. परदेशातल्या बहुतेक आईबाबांचा फोन इंग्रजीत असतो त्यामुळे त्यांना स्टोअरचं इंग्रजी पान दिसतं आणि शोधतात पण ते रोमन लिपीत. स्टोअरवर नाव ३० कॅरॅक्टरचं, त्यात मराठी आणि मुलं हे दोन शब्द रोमनमध्ये बसवले, शोधात सापडायचं काम नाव करतं. ॲपलचा सर्च नाव, सबटायटल आणि कीवर्ड हे एकत्र बघतो, म्हणून तेच शब्द पुन्हा सबटायटलमध्ये टाकून जागा घालवायची नाही. सबटायटलमध्ये साधं इंग्रजी वाक्य दिलं की समजणाऱ्या मुलांना बोलतं करतो. मराठी टॅगलाईन पहिल्या स्क्रीनशॉटवर मोठ्या देवनागरीत गेली. ती रोमन लिपीत लिहायचा विचार मी सोडूनच दिला, कारण रोमनमध्ये ण आणि न एकच, त आणि ट एकच, मुलं इंग्रजी वळणाने वाचतात आणि ओळीचा सूर जातो. जे आईबाबा देवनागरी वाचतात ते वाचतील, ज्या घरात एकच जण वाचतो तिथे तो दुसऱ्याला वाचून दाखवेल, आणि ते मला हवंच होतं.

ओळींची चाचणी स्टोअरवर घ्यायची असेल तर एक फरक माहीत असावा. गूगल प्लेच्या प्रयोगात छोट्या वर्णनाचे वेगवेगळे पर्याय लोकांना दाखवून बघता येतात. ॲपलच्या तशाच सोयीत आयकॉन, स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ बदलून बघता येतात पण सबटायटल नाही, तिथे टॅगलाईन तपासायची तर ती स्क्रीनशॉटवर छापूनच. आणि छोट्या ॲपला या प्रयोगांतून लवकर काही निष्पन्न होत नाही, पानावर येणारी माणसंच थोडी असतात, निकाल आठवडेच्या आठवडे अनिश्चित राहतो. म्हणून मी स्टोअरच्या आकड्यांपेक्षा मुलांना ऐकवण्यावर जास्त भर दिला.

बाबांनी मध्येच एक कल्पना आणली होती, रविवारच्या मराठी शाळांमध्ये मुलांना वाटायला स्टिकर, त्यावर "आईला सांग, हे ॲप घे!" कल्पना चांगल्या मनाने होती, पण ती नको म्हटलं. ब्रिटनच्या जाहिरात नियमावलीत मुलांना थेट विकत घे म्हणायला किंवा आईबापांना घ्यायला लाव म्हणायला स्पष्ट मनाई आहे, युरोपियन युनियनच्या ग्राहक कायद्यात पण तेच. अमेरिकेतल्या शाळेत वाटलेला स्टिकर लंडनच्या शाळेत जायला किती वेळ लागतो, मराठी माणसांचे व्हॉट्सॲप ग्रुप सगळीकडे पोचलेले आहेत. स्टिकरवर नुसती टॅगलाईन छापली. मूल ती छातीवर लावून फिरतं, त्यात कोणाला काही घ्यायला सांगितलेलं नाही.

सगळ्यात मोठं काम ओळ ठरल्यानंतर निघालं. ओळ म्हणते आता बोलणार, आणि ॲप उघडलं की समोर काय तर बोटाने अ गिरवायचा. मूल म्हणणार मी बोलायला आलोय आणि तू मला लिहायला बसवतोस. अशी टॅगलाईन म्हणजे उधारी असते, पहिल्या पाच मिनिटांत फेडली नाही तर माणूस परत येत नाही. मी क्लायंटला सरळ सांगितलं की एकतर ओळ बदला नाहीतर पहिला धडा. त्यांनी धडा बदलला, याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक आहे कारण तयार काम बाजूला ठेवणं सोपं नसतं. नवीन पहिल्या धड्यात फोन वाजतो, पलीकडचं माणूस एक साधा प्रश्न विचारतं, मूल दोन तयार उत्तरांतलं एक ऐकून म्हणतं, आणि फोनवरचं माणूस त्यावर पुढचं वाक्य बोलतं. बरोबर-चूकचा आवाज नाही, लाल रंग नाही. अक्षरं नंतरच्या धड्यांमध्ये गेली.

पण बोलायचं म्हटलं की मायक्रोफोन आला, आणि मायक्रोफोन आला की मुलांच्या ऑनलाईन खासगी माहितीबद्दलचा अमेरिकेतला कॉप्पा कायदा आला. १३ वर्षांखालच्या मुलाच्या आवाजाची ऑडिओ फाईल ही २०१३ पासून त्या नियमांमध्ये वैयक्तिक माहिती धरली जाते, म्हणजे ती सर्व्हरवर साठवायची तर आधी आईबाबांची नीट पडताळलेली परवानगी हवी. त्यांनी सोपा रस्ता घेतला, आवाज फोनमध्येच राहतो, मूल स्वतःचं वाक्य परत ऐकू शकतं आणि धडा संपला की ते पुसलं जातं, बाहेर काही जात नाही. त्यामुळे ॲप उच्चाराला गुण देऊ शकत नाही. मला विचाराल तर पहिल्या धड्याला ते चांगलंच झालं. आणि हो, त्यामुळे "अचूक उच्चार शिका" सारखी ओळ या ॲपवर कुठेही लिहायची नाही हे पण लेखी ठरवलं, जे ॲप करत नाही ते वाक्यात येता कामा नये.

या ओळीची मर्यादा उघड आहे आणि ती पहिल्या महिन्यातच मेलमधून दिसायला लागली. ज्या घरात मराठी फारशी बोललीच जात नाही तिथल्या आईचा मेल येतो, की माझ्या मुलीला काहीच समजत नाही, तिला हे ॲप चालेल का? "समजतं मला" हे त्या मुलीसाठी खरं नाही. असे मेल येणं याचा अर्थ ओळ स्पष्ट आहे, लोकांना कळतंय ती कोणासाठी आहे. पण अशा घरांना परत पाठवायचं का? क्लायंटला ते नको होतं, मलाही नको होतं, मातृभाषा शब्द आपण त्यांच्यासाठीच तर काढला होता. सगळ्यांना बसेल अशी पसरट ओळ करायच्या ऐवजी आम्ही ॲपमध्ये दोन दारं केली. सुरुवातीला आईबाबांना एक प्रश्न येतो, मुलाला घरातलं मराठी समजतं का. हो म्हटलं की फोनचा धडा. नाही म्हटलं की ऐकण्याचे छोटे धडे आधी, आणि त्या भागावर दुसरी ओळ आहे, "आधी ऐकूया". बोलणारा बरोबर बसलाय असं ते रूप, म्हणून "ऐका" नाही. ते धडे संपल्यावर मुलाला "समजतं मला" हे वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणायला मिळतं आणि मग पुढचं दार उघडतं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. त्यांना ही ओळ लहान मुलांची वाटते, स्टिकर ते लावत नाहीत, आणि "हे कोण म्हणतंय?" विचारलं तर म्हणतात माझा धाकटा भाऊ. त्यांच्यासाठी वेगळी ओळ लिहायच्या आधी ॲपमध्ये त्यांच्या वयाचं काहीतरी असायला हवं, भारतातल्या चुलतभावंडांच्या ग्रुपवर जी मराठी चालते ती, आणि ते धडे अजून लिहून व्हायचेत. ते होईपर्यंत स्टोअरच्या पानावर वयोगट पाच ते अकरा असाच लिहिलेला आहे.